दोन याद्यांतला सामाईक वेळ: ज्याचा शेवट आधी, तो आधी बाजूला

एका चर्चेचं ध्वनिमुद्रण आहे. बोलणारे दोघं, आणि दोघांसमोर वेगवेगळे माइक. प्रत्येक माइकचा आवाज तपासून एक प्रोग्रॅम त्या माणसाच्या बोलण्याचे खंड काढून देतो, म्हणजे कोणत्या सेकंदाला बोलणं सुरू झालं आणि कोणत्या सेकंदाला थांबलं ते. आता हवंय एवढंच की दोघं एकाच वेळी नेमके कधी बोलत होते. शब्दांकन करणाऱ्याला हे लागतं, कारण दोन आवाज एकमेकांवर चढले की लिहिण्यात चुका होतात आणि तेवढा भाग पुन्हा ऐकावा लागतो.

आपल्याकडे या दोन याद्या आहेत. आकडे सेकंदांचे आहेत.

```
A:  0-12, 20-31, 35-36, 50-70
B: 10-22, 31-34, 40-52, 55-58, 66-80
```

दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली गोष्ट, दोन्ही याद्या काळाच्या क्रमाने लावलेल्या आहेत. दुसरी, एकाच यादीतले दोन खंड एकमेकांवर चढत नाहीत. माणूस एका दमात बोलतो, थांबतो, मग पुन्हा बोलतो. त्यामुळे त्याचे स्वतःचे खंड आपोआप सुटे राहतात. दोन वेगळ्या याद्यांतले खंड मात्र हवे तसे एकमेकांवर चढू शकतात, आणि आपल्याला तेच शोधायचं आहे.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे A मधला प्रत्येक खंड B मधल्या प्रत्येक खंडाशी ताडून पाहायचा. इथे ४ गुणिले ५, म्हणजे २० तुलना. उत्तर बरोबर येईल, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण दोन्हीकडे एकेक लाख खंड असतील तर तुलना १००० कोटी होतात. शिवाय त्यातल्या बहुतेक अगदी निरर्थक असतात: पहिल्या मिनिटातल्या वाक्याची तिसऱ्या तासातल्या वाक्याशी गाठ पडणारच नाही, हे न मोजताही कळतं. याद्या क्रमाने आहेत ही माहिती आपल्या हातात असताना ही पद्धत ती वापरतच नाही.

आता आधी दोनच खंडांचं पाहू. एक A मधला, एक B मधला. त्यांचा सामाईक भाग काढायला भूमिती लागत नाही. दोघांपैकी ज्याची सुरुवात उशिराची, तिथे सामाईक भाग सुरू होतो. दोघांपैकी ज्याचा शेवट आधीचा, तिथे तो संपतो. ०-१२ आणि १०-२२ घ्या. उशिराची सुरुवात १०, आधीचा शेवट १२. म्हणून सामाईक भाग १०-१२. सुरुवात शेवटाच्याही पुढे गेली तर सामाईक काहीच नाही. ३५-३६ आणि ३१-३४ घेतले तर सुरुवात ३५ येते आणि शेवट ३४, म्हणजे गाठ नाही. उलट त्या दोन आकड्यांमधला फरक, इथे १ सेकंद, हा दोन खंडांमधला रिकामा वेळ असतो. काहींना तोही हवा असतो, आणि तो फुकटात मिळतो.

खंड एकमेकांत पूर्ण सामावलेला असो, डावीकडून चढलेला असो की उजवीकडून, हीच दोन वाक्यं सगळ्या प्रकारांना पुरतात. बरेच जण इथे चार-पाच `if` लिहून प्रत्येक प्रकार वेगळा हाताळायला जातात. त्याची गरज नाही, आणि तसं लिहिलेल्या कोडमध्ये एखादा प्रकार सुटलेला असण्याची शक्यताच जास्त.

खरा प्रश्न पुढचा आहे. एक जोडी तपासून झाली, आता कोणती तपासायची?

दोन्ही याद्यांच्या पहिल्या खंडावर एकेक बोट ठेवा. प्रोग्रॅमिंगमध्ये याच बोटांना पॉइंटर म्हणतात. बोटांखालच्या जोडीचा सामाईक भाग लिहून घेतला की दोघांपैकी एक बोट पुढे सरकवायचं. नियम एकच: ज्याचा शेवट आधी येतो, त्याच्यावरचं बोट पुढे न्यायचं. सामाईक भाग सापडला की नाही, याचा या निर्णयाशी काही संबंध नाही.

असं का, हे एका जोडीवर पाहू. A चं बोट ०-१२ वर आहे आणि B चं १०-२२ वर. A चा खंड १२ ला संपतो, B चा २२ ला. आता ०-१२ हा खंड B मधल्या आणखी कोणाला भेटू शकतो का? B चा पुढचा खंड कितीही लवकर सुरू झाला तरी २२ च्या आधी होणार नाही, कारण B चे खंड एकमेकांवर चढत नाहीत. आणि ०-१२ तर १२ लाच आटोपला. म्हणजे B मधल्या पुढच्या एकाशीही त्याची गाठ पडणं अशक्य आहे. त्याचं काम झालं, त्याला बाजूला ठेवा.

B च्या खंडाबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. तो २२ पर्यंत चालू आहे, आणि A चा पुढचा खंड १२ नंतर कधीही सुरू होऊ शकतो. प्रत्यक्षात तो २० ला सुरू होतो. म्हणून B चं बोट जागचं हलता कामा नये.

मागच्या बाजूची शंका राहते. ०-१२ बाजूला ठेवताना पुढच्यांचा विचार झाला. पण त्याच्या आधीच बाजूला गेलेल्या B च्या खंडांचं काय? यादीच्या मधल्या कुठल्याही खंडाला हा प्रश्न लागू होतो. समजा B चा एक खंड आधीच बाजूला गेला आहे. तो गेला तेव्हा A चं बोट एक तर याच खंडावर होतं, म्हणजे दोघांची तुलना झालेली आहे. नाही तर A च्या आधीच्या एखाद्या खंडावर होतं. दुसऱ्या प्रकारात B चा तो खंड A च्या त्या आधीच्या खंडाच्या शेवटापर्यंत संपला होता, आणि आपला खंड त्याच्याही नंतर सुरू होतो. गाठ पडायला जागाच उरत नाही. पुढूनही सुटत नाही, मागूनही सुटत नाही. सिद्धता एवढीच आहे.

आता पूर्ण उदाहरण हाताने चालवून पाहू. कागद घेऊन सोबत केलंत तर बरं, कारण बोटं सरकताना पाहिली की नियम पाठ करावा लागत नाही.

A वर ०-१२, B वर १०-२२. सामाईक १०-१२. १२ आधी येतं, म्हणून A चं बोट पुढे, २०-३१ वर.

B अजून १०-२२ वरच आहे. सामाईक २०-२२. या वेळी २२ आधी येतं, म्हणून B पुढे, ३१-३४ वर.

A वर २०-३१, B वर ३१-३४. उशिराची सुरुवात ३१ आणि आधीचा शेवटही ३१. एक थांबला त्याच क्षणी दुसरा बोलू लागला. एकाच वेळी बोलणं म्हणावं असं इथे काही घडलेलं नाही, म्हणून नोंद करायची नाही. ३१ आधी संपतं, A पुढे. या टेकलेल्या टोकांकडे थोड्या वेळाने परत येऊ.

A वर ३५-३६, B वर ३१-३४. गाठ नाही. B पुढे, ४०-५२ वर. A वर तेच ३५-३६. पुन्हा गाठ नाही, पण या वेळी ३६ आधी येतं, म्हणून A पुढे. बिचारा ३५-३६ कोणालाच न भेटता गेला. बहुधा नुसतं 'हं' असेल.

A वर आता ५०-७० हा लांब खंड आहे. B च्या ४०-५२ शी त्याची गाठ ५०-५२ अशी पडते, B पुढे. मग ५५-५८ शी ५५-५८ अशीच पडते, कारण तो पूर्ण आत सामावलेला आहे, B पुढे. मग ६६-८० शी ६६-७० अशी. आता ७० आधी येतं, A पुढे सरकतो आणि A ची यादी संपते. एक यादी संपली की सगळं संपलं. दुसरीत काही उरलं असेल तर त्याला भेटायला कोणीच शिल्लक नाही.

उत्तर आलं १०-१२, २०-२२, ५०-५२, ५५-५८, ६६-७०. एकूण १३ सेकंद दोघं एकमेकांवर बोलत होते. तुलना झाल्या ८.

हा ८ आकडा योगायोगाचा नाही. प्रत्येक तुलनेनंतर नेमका एक खंड बाजूला जातो आणि तो पुन्हा येत नाही. एकूण खंड ९. एक यादी रिकामी झाली की आपण थांबतो, तेव्हा दुसरीत निदान एक खंड उरलेला असतो. म्हणून तुलना जास्तीत जास्त दोन्ही याद्यांच्या बेरजेहून एक कमी, म्हणजे ४ अधिक ५ उणे १. एकेक लाखाच्या याद्यांना दोन लाखांच्या आतच काम आटोपतं. आधीच्या १००० कोटींशी ताडून पाहा. उत्तरातल्या खंडांची संख्याही याच मर्यादेत राहते, कारण एका तुलनेतून जास्तीत जास्त एकच सामाईक खंड निघतो.

पायथनमध्ये हे असं दिसतं:

```python
def common(a, b):
    i = j = 0
    out = []
    while i < len(a) and j < len(b):
        lo = max(a[i][0], b[j][0])
        hi = min(a[i][1], b[j][1])
        if lo < hi:
            out.append((lo, hi))
        if a[i][1] < b[j][1]:
            i += 1
        else:
            j += 1
    return out
```

दुसरा `if` पहिल्याच्या बाहेर आहे, हे नीट पाहा. बोट सरकवणं हे सामाईक भाग सापडण्यावर अवलंबून नाही. तो चुकून आत गेला तर गाठ न पडणारी पहिली जोडी येताच दोन्ही बोटं जागच्या जागी अडकतात आणि प्रोग्रॅम थांबतच नाही. ही चूक निदान लगेच कळते. पुढच्या दोन चुका जास्त त्रासदायक, कारण त्यांत प्रोग्रॅम सुरळीत चालतो, उत्तर देतो, आणि उत्तर जवळजवळ बरोबर असतं.

पहिली म्हणजे शेवटाऐवजी सुरुवात पाहून बोट सरकवणं. यादी सुरुवातीच्या क्रमाने लावलेली असते, त्यामुळे 'ज्याची सुरुवात आधीची तो पुढे' हे मनाला सहज पटतं. आपल्याच आकड्यांवर चालवून पाहू. पहिल्या जोडीत A ची सुरुवात आधीची, A पुढे, १०-१२ मिळालं. पुढे २०-२२ मिळतं, ५०-५२ मिळतं, ५५-५८ सुद्धा मिळतं. इथपर्यंत दोन्ही नियम अगदी सारखंच वागतात. पण आता बोटं ५०-७० आणि ५५-५८ वर आहेत. ५० आधीचं, म्हणून A पुढे जातो, A ची यादी संपते, आणि ६६-७० हातातून निसटतं. १३ ऐवजी ९ सेकंद. पाचापैकी चार खंड बिनचूक आणि एक गायब, तेही कुठलाही एरर न देता. ५०-७० अजून १२ सेकंद चालू राहणार होता, पण तो कधी सुरू झाला यावरून आपण त्याला निवृत्त केलं. खंड अजून किती उरला आहे, हे त्याची सुरुवात सांगू शकत नाही. ते फक्त शेवट सांगतो.

दुसरी चूक म्हणजे सामाईक भाग सापडला की दोन्ही बोटं एकदम पुढे नेणं, जणू ही जोडी आता जुळली, विषय संपला. पहिल्याच पायरीवर हे फसतं. १०-१२ सापडल्यावर B चा १०-२२ सुद्धा सोडून दिला, की त्याची २०-३१ शी होणारी गाठ गेली. एक लांब खंड समोरच्या यादीतल्या अनेक खंडांना भेटू शकतो, हे विसरल्याचा हा परिणाम. चाचणीसाठी दोन्ही याद्यांत सारख्याच लांबीचे, एकास एक जुळणारे खंड घेतले तर ही चूक कधीच उघडी पडत नाही. म्हणून चाचणीत निदान एक लांबलचक खंड आणि त्याच्यासमोर तीन-चार छोटे असायलाच हवेत, आणि तेही दोन्ही बाजूंनी: एकदा लांब खंड A मध्ये, एकदा B मध्ये.

दोन्ही शेवट अगदी सारखे आले तर? वरच्या कोडमध्ये `else` मुळे B चं बोट सरकतं. A चं सरकवलं तरी चालेल, दोन्ही सरकवली तरी चालेल. दोघंही एकाच क्षणी संपले, पुढे भेटायला दोघांकडेही काही उरलेलं नाही. फक्त दोन्ही सरकवणारी तिसरी शाखा लिहून मिळतं काय, तर एखादी तुलना वाचते. मी ती लिहीत नाही.

आता त्या टेकलेल्या टोकांकडे येऊ. A चा २०-३१ आणि B चा ३१-३४. आपण त्यांची गाठ धरली नाही, कारण सुरुवातीचा क्षण खंडात मोजला आणि शेवटचा क्षण मोजला नाही. कोडमध्ये ते `lo < hi` असं आलं. अशा खंडाला अर्धखुला म्हणतात. दोन्ही टोकं मोजायची ठरवली, म्हणजे बंद खंड घेतले, तर तिथे `lo <= hi` लिहावं लागतं आणि ३१-३१ हा एका बिंदूचा खंड उत्तरात येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणती घ्यायची हे कोड ठरवत नाही, आकडे कशाचे आहेत त्यावर ठरतं. वाहत्या वेळेसाठी अर्धखुला खंड सोयीचा: एक खंड ३१ ला संपला आणि दुसरा तिथेच सुरू झाला तर तो क्षण दोनदा मोजला जात नाही, आणि लांबी म्हणजे सरळ शेवट वजा सुरुवात. तारखांच्या बाबतीत बंद खंड जास्त स्वाभाविक वाटतो. ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत रजा म्हटलं की ९ तारीखही रजेत धरली जाते, आणि ९ तारखेलाच दुसऱ्याची रजा सुरू होत असेल तर त्या दिवशी दोघंही नाहीत.

घोटाळा होतो तो दोन याद्या दोन वेगळ्या पद्धतींच्या असल्या की. एसक्यूएलचं `BETWEEN` दोन्ही टोकं धरतं, पायथनचं `range` शेवटचं टोक सोडतं. जनुकांच्या माहितीत तर हे रोजचंच आहे: `BED` फाइलमध्ये मोजणी ० पासून आणि खंड अर्धखुला, `GFF` मध्ये मोजणी १ पासून आणि खंड बंद. डीएनएची पहिली दहा अक्षरं एका फाइलमध्ये ०-१० अशी लिहिलेली असतात, दुसरीत १-१० अशी. न बदलता छेद घेतला तर प्रत्येक ठिकाणी एका अक्षराचा फरक पडतो. लांबलचक खंडांत तो दिसतही नाही, आणि टेकलेल्या टोकांवर मात्र होतं-नव्हतं करून टाकतो. म्हणून आत घेतानाच दोन्ही याद्या एकाच पद्धतीत आणाव्यात आणि मगच बोटं ठेवावीत.

वेळ अपूर्णांकात साठवली असेल तर याचंच आणखी एक रूप भेटतं. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकांत `0.1 + 0.2` ची बेरीज `0.30000000000000004` येते. एका खंडाचा शेवट असा बेरजेने आलेला असेल आणि दुसऱ्याची सुरुवात सरळ `0.3` असेल, तर टेकलेले दोन खंड अचानक एकमेकांवर चढलेले ठरतात आणि उत्तरात कानाला ऐकूही न येणारे, शून्याच्या जवळचे खंड जमा होतात. उत्तरातल्या खंडांची संख्या अनपेक्षित वाढली पण एकूण वेळ तेवढाच राहिला, तर आधी इथे शंका घ्यावी. सगळ्या वेळा पूर्णांक मिलिसेकंदांत ठेवल्या की हा प्रश्नच उरत नाही.

सुरुवातीच्या दोन अटी मोडल्या तर काय होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण दोन्हींचा परिणाम सारखा नाही.

क्रम मोडला तर पद्धत सरळ खोटं उत्तर देते. A मध्ये ५०-६० आधी आणि १०-२० नंतर असेल, आणि B मध्ये १५-१८ व ५५-५८, तर पहिल्याच पायरीला १५-१८ आधी संपतो म्हणून बाजूला जातो. पुढे ५५-५८ सापडतो, B संपतो, आणि १५-१८ ची १०-२० शी गाठ कधीच तपासली जात नाही. 'पुढचा खंड नंतरच सुरू होईल' या भरवशावर आपण एकेकाला निरोप देत होतो. तो भरवसाच खोटा होता. क्रमाबद्दल खात्री नसेल तर आधी सॉर्ट करा, किंवा निदान यादीतून एक फेरी मारून प्रत्येक सुरुवात मागच्या सुरुवातीहून कमी नाही ना, ते तपासा.

एकाच यादीतले खंड एकमेकांवर चढले, तर मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला ती जास्त रंजक वाटते. समजा आवाज ओळखणारा प्रोग्रॅम थोडा ढिला आहे आणि एकाच माणसाचे १००-११० आणि १०५-१२० असे दोन खंड देतो. समोर B मध्ये १०२-११५. पहिली जोडी १०२-११० देते, A पुढे जातो, दुसरी जोडी १०५-११५ देते. लांब्यांची बेरीज ८ अधिक १०, म्हणजे १८ सेकंद. पण B मुळात १३ सेकंदच बोलला आहे! दोघांचा सामाईक वेळ एकट्याच्या वेळेहून जास्त कसा असेल?

गंमत म्हणजे इथे कुठलाही क्षण सुटलेला नाही. हे दोन तुकडे एकत्र केले तर १०२-११५ असं बरोबर उत्तर मिळतं. आणि हे नेहमीच खरं असतं, फक्त याद्या सुरुवातीच्या क्रमाने असल्या पाहिजेत. कारण असं: A चा खंड बाजूला जातो तेव्हा तो B च्या चालू खंडाआधी किंवा त्याच्याबरोबर संपलेला असतो. B चा पुढचा एखादा खंड चढून आला तरी तो चालू खंडाच्या आधी सुरू होऊ शकत नाही. त्यामुळे त्याची A च्या खंडाशी जी काही गाठ पडेल, ती आपण आत्ताच लिहिलेल्या भागाच्या आतच असते. म्हणजे क्षण गमावले जात नाहीत, ते दोनदा मोजले जातात. 'कोणत्या क्षणी दोघं बोलत होते' याचं उत्तर शाबूत राहतं, 'किती वेळ' आणि 'किती वेळा' यांची उत्तरं बिघडतात.

उपाय साधा आहे. छेद घेण्याआधी प्रत्येक यादीतले चढलेले आणि टेकलेले खंड जोडून एकसंध करा. क्रमाने चालत जायचं. पुढच्या खंडाची सुरुवात मागच्याच्या शेवटापर्यंत आली तर मागच्याचा शेवट वाढवायचा. वाढवताना दोन शेवटांपैकी मोठा घ्यायचा. नुसता पुढच्याचा शेवट घेतला तर १००-१२० नंतर आलेला १०५-११० त्याला कापून ११० वर आणून ठेवतो.

पण प्रश्न क्षणांचा नसून जोड्यांचा असेल, म्हणजे A मधला कोणता खंड B मधल्या कोणत्या खंडाला भेटतो हे हवं असेल, आणि खंड चढलेले असतील, तर ही दोन बोटं अपुरी पडतात. A मध्ये १-१०० आणि २०-३०, B मध्ये २५-२८. पहिली जोडी सापडते, २५-२८ आधी संपतो, बाजूला जातो, आणि २०-३० ची त्याच्याशी तुलना होतच नाही. क्षणांच्या हिशोबात काही बिघडलं नाही, पण एक जोडी गेली. खंड जोडून एकसंध केले तर तीही ओळख पुसली जाते, म्हणून तो उपाय इथे चालत नाही. जनुकांचे खंड असेच एकमेकांवर चढलेले असतात. तिथे एका बोटाऐवजी अजून न संपलेल्या सगळ्या खंडांची चालू यादी बाळगावी लागते. नवा खंड आला की त्या यादीतले संपलेले काढून टाकायचे आणि उरलेल्या प्रत्येकाशी जोडी लिहायची. अशा फाइलींसाठीच्या bedtools या साधनात `bedtools intersect` ला `-sorted` दिलं की ते याच जातीची पद्धत वापरतं. तिथेही क्रमाची अट सुटत नाही, उलट ती आणखी नाजूक होते: एका फाइलमध्ये गुणसूत्र `chr2` नंतर `chr10` आणि दुसरीत `chr10` नंतर `chr2` असेल, तर दोन्ही फाइली आपापल्या परीने सॉर्ट केलेल्या असूनही दोघांचा क्रम जुळत नाही.

आपलं उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं? मी तीन गोष्टी पाहतो. अटी पाळलेल्या असतील तर उत्तराची यादी स्वतः क्रमाने आणि सुटी असली पाहिजे. तिची एकूण लांबी दोन्हीपैकी कोणत्याही यादीच्या एकूण लांबीहून जास्त असता कामा नये. आपल्या उदाहरणात A ४४ सेकंद, B ४४ सेकंद, उत्तर १३. आणि A व B ची अदलाबदल करून चालवलं तरी उत्तर तेच यायला हवं. सुरुवात पाहून बोट सरकवण्याची चूक मात्र बहुतेक वेळा या तिन्हींतून सुटते, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखंच चुकते. तिच्यासाठी पूर्ण वेगळ्या वाटेने मोजावं लागतं: ० ते ८० सेकंदांच्या दोन पट्ट्या घ्या, बोलण्याच्या प्रत्येक सेकंदाला खूण करा, आणि दोन्हींत खूण असलेले सेकंद मोजा. १३ आले तर ठीक, ९ आले तर तुमची पट्टी चुकली, आणि बोटांच्या कोडने ९ दिले तर ते चुकलं. छोट्या पूर्णांकांच्या शेकडो यादृच्छिक याद्यांवर ही ताडणी काही सेकंदांत होते.

तिसरा माइक आला तर नवं काही लिहायला नको. `common` चं उत्तर हे स्वतःच क्रमाने लावलेली सुटी यादी असतं, म्हणून ते आणि तिसरी यादी पुन्हा `common` ला द्यायची. मात्र एक यादी अगदी छोटी आणि दुसरी प्रचंड असेल, समजा ५ खंड विरुद्ध १० लाख, तर एकेक पाऊल सरकणं ही चैन ठरते. बहुतेक पावलं गाठ न पडणाऱ्या खंडांवरून जातात. तिथे पाच खंडांपैकी प्रत्येकासाठी मोठ्या यादीत द्विभाजन शोध करून, त्याच्या सुरुवातीनंतर संपणाऱ्या पहिल्या खंडावर थेट उडी मारावी. एका उडीला साधारण २० तुलना लागतात, आणि तिथून पुढे खंड संपेपर्यंत बोट नेहमीसारखंच सरकतं.